अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो की थांबतो?

*नमस्कार ताई,*
*मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. एअर कॉम्प्रेसरच्या सूचनांचं इंग्रजी पान ऑपरेटर मुलांसाठी सोपं करायचं काम माझ्याकडे आलं. मुलं आयटीआय झालेली. निम्मी मराठी माध्यमातली, बाकीची बिहार-ओडिशाची, म्हणून पान इंग्रजीतच ठेवायचं ठरलंय. मी जड शब्द शोधून त्यांच्या जागी छोटे, रोजचे शब्द घातले. तरी मुलांचा गोंधळ होतोच. मागच्या महिन्यात अलार्म वाजला, तर एक मुलगा शेजारी उभा राहून तो बंद व्हायची वाट बघत राहिला. का, विचारलं तर म्हणाला, “पानावर तसंच लिहिलंय.” मी ते पान कितीदा तरी वाचलं, तसं कुठेच लिहिलेलं नाही. माझं कुठे चुकतंय? मूळ पान आणि माझं पान, दोन्ही सोबत जोडली आहेत.*
*— एक वाचक, चाकण*

सप्रेम नमस्कार.

दोन्ही पानं पाठवलीत ते फार बरं झालं. शेजारी-शेजारी ठेवून वाचली. सगळ्यात आधी एक सांगते, त्या मुलाला बोल लावू नका. तो खरं बोलतोय. पानावर तसंच लिहिलंय.

तुमच्या पानावरची सातवी ओळ बघा: “इफ द अलार्म गोज ऑफ, कॉल मेंटेनन्स.” आता हीच ओळ त्याच्या डोळ्यांनी वाचा. इंग्रजीतले जे शब्द त्याला अगदी लहानपणापासून येतात, त्यातला एक ‘ऑफ’. घरातल्या प्रत्येक बटणावर तो आहे. पंखा ऑफ कर, मोटर ऑफ कर, फोन ऑफ झाला. ऑफ म्हणजे बंद, यात त्याला तिळभर शंका नाही. तेव्हा अलार्म ऑफ झाला की मेंटेनन्सला बोलवायचं, असं त्यानं वाचलं. तो वाजत होता, म्हणजे अजून ऑफ झाला नव्हता. म्हणून तो थांबला. पानाचं त्यानं शब्दशः पालन केलं.

इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांना ‘अलार्म गोज ऑफ’ म्हणजे अलार्म वाजायला लागतो. बंदुकीचा बार उडतो त्यालाही ते ‘गोज ऑफ’च म्हणतात, एकदम सुटणं, उडणं असा तो अर्थ. पण दिवा ‘गोज ऑफ’ झाला तर तो विझतो. आणि तुमच्या पानाच्या अकराव्या ओळीत नेमकं तेच आहे, हिरवा दिवा ‘गोज ऑफ’ झाला तर काय करायचं ते. म्हणजे एकाच पानावर, चार ओळींच्या अंतरानं, तेच दोन शब्द एकदा ‘सुरू होतो’ आणि एकदा ‘बंद होतो’ या अर्थानं आलेत. मुलानं दुसरा अर्थ पहिल्या ठिकाणी लावला तर दोष त्याचा नाही.

आता मूळ पान बघा. तिथे ‘गोज ऑफ’ नव्हतंच. तिथे होतं, “इफ द अलार्म साउंड्स.” तुम्हाला ‘साउंड्स’ जरा पुस्तकी वाटलं असणार. पण ‘साउंड’ हा शब्द या मुलांना पाठ आहे, गणपतीच्या मांडवातल्या साउंड सिस्टीमपासून फोनच्या सेटिंगपर्यंत. तसंच तुम्ही ‘इन्स्पेक्ट’ काढून ‘लुक ओव्हर’ घातलंत, ‘रिलीज’ काढून ‘लेट आउट’, ‘डिस्कनेक्ट’ काढून ‘कट ऑफ’. प्रत्येक ठिकाणी शब्दाची लांबी कमी झाली आणि अर्थ लांब गेला. ‘लुक ओव्हर’चं तर बघाच: ‘लुक ओव्हर’ म्हणजे तपासणं, आणि तेच दोन तुकडे उलटे जोडून ‘ओव्हरलुक’ केलं की नजरेतून सुटणं. दोन्ही शब्द ज्याला अर्धवट माहीत आहेत, तो माणूस तपासणार की सोडून देणार?

तुमच्या चुकीचं मूळ इथे आहे. क्रियापद आणि त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आउट, डाउन, इन, ओव्हर असा एखादा तुकडा जोडून इंग्रजीत जे जोडशब्द होतात, ते दिसायला सोपे असतात. पुट, गो, लुक, टेक, कट हे पहिलीतले शब्द आणि शेपट्याही पहिलीतल्याच. पण जोडीचा अर्थ दोघांच्या बेरजेतून निघत नाही. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं. हे कुठल्या नियमानं कळणार? ज्याच्या आईनं त्याला तिसऱ्या वर्षी “डोन्ट पुट इट ऑफ” म्हटलं, त्याला ते सहज येतं आणि ‘पोस्टपोन’ तो नंतर शाळेत शिकतो. आपल्याकडे बरोबर उलटा क्रम आहे. पुण्यात भाजीवाल्या मावशीसुद्धा म्हणतील, “लग्न पोस्टपोन झालं.” ‘पुट ऑफ झालं’ असं कोण म्हणतं?

जे प्रशिक्षणवाले ‘छोटे शब्द वापरा’ सांगतात, ते बहुतेक वेळा इंग्रजांनी इंग्रजांना दिलेला सल्ला आपल्यापुढे ठेवतात. त्यांच्या वाचकाला तो उपयोगी आहेच. तुमचा वाचक वेगळा आहे. शब्द सोपा की अवघड हे अक्षरं मोजून ठरत नाही. तो वाचणाऱ्याच्या तोंडात आधीपासून आहे का, आणि नसेल तर डिक्शनरीत एका जागी, एका अर्थानं सापडतो का, यावर ठरतं. ‘अ‍ॅडजस्ट’ ए खाली सापडेल. ‘बॅक ऑफ’ शोधायला बसलात तर ‘बॅक’च्या भल्या मोठ्या रकान्यात हरवाल.

शब्द मोजण्याचा हा फसवा हिशेब फार जुना आहे. चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज माणसानं 1930 साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं, जगानं शिकावं म्हणून अवघ्या 850 शब्दांचं इंग्रजी. त्यात क्रियापदं जेमतेम 18. पण क्रियापदं एवढी कमी केल्यावर काम भागवायचं कसं? गेट, पुट, टेक, गिव्ह यांना अप, आउट, ऑफ जोडून. यादी आखूड झाली, आणि यादीत न दिसणारं ओझं शिकणाऱ्याच्या डोक्यावर चढलं. तुमच्या पानावर अजाणतेपणी तेच झालंय.

उलट वाट विमानवाल्यांनी धरली. विमानाच्या देखभालीची पुस्तकं इंग्रजीत, आणि हातात पाना घेतलेला माणूस कुठल्याही देशाचा. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाच्या संघटनेनं 1986 साली देखभालीच्या लिखाणासाठी साध्या इंग्रजीचे नियम काढले. तेच आज एएसडी-एसटीई 100 या नावानं चालतात आणि मागितले तर मोफत मिळतात. त्यातला एक नियम तुमच्या कामाचा आहे. ‘पुट’ हा शब्द चालतो, ‘आउट’ही चालतो, पण दोन्ही जोडून विझवणे या अर्थी ‘पुट आउट’ चालत नाही. तिथे ‘एक्स्टिंग्विश’ लिहायचं, लांब असला तरी. एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं. तुमच्या कारखान्यात तर फायर एक्स्टिंग्विशर भिंतीवर टांगलेलाच असेल, म्हणजे शब्द रोज डोळ्यांसमोर आहे.

ही अडचण आपल्याला आतून कळायला हवी असेल तर आपल्या मराठीकडे बघा. काही वर्षांपूर्वी एक जपानी इंजिनिअर माझ्याकडे मराठी शिकायला येत असत. त्यांना ‘डोळा’ माहीत होता, ‘येणे’, ‘लागणे’, ‘मारणे’ही माहीत होतं. एक दिवस ऑफिसातून वही भरून आणली: “अमक्याचे डोळे आलेत म्हणून तो आला नाही.” “मीटिंगमध्ये साहेबांचा डोळा लागला.” “त्यानं डोळा मारला.” “त्या जागेवर त्याचा डोळा आहे.” शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य एकही कळलेलं नाही. पहिल्या वाक्याला ते म्हणाले, “आधी कुठे गेले होते?” थट्टा म्हणून नाही, खरंच विचारत होते. त्या दिवशी मी त्यांना व्याकरण शिकवलं नाही. ‘डोळे आले’ म्हणजे डोळ्यांची साथ, ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, असं एकेक सुटं सांगत बसले, कारण दुसरा उपायच नाही. तुमचे ऑपरेटर ‘कट्स आउट’ वाचताना त्या इंजिनिअरच्या जागी असतात.

आता तुमचं पान हातात घेऊ. आधी हे जोडशब्द सापडायला हवेत, आणि वाचून ते सापडत नाहीत. आपल्याला सवय झालेली असते, डोळा वरून घसरतो. म्हणून फाइल उघडून एकेक शेपटी शोधा. `Ctrl+F` दाबा आणि क्रमानं `up`, `off`, `out`, `down`, `over`, `in`, `on`, `away`, `back` टाका. प्रत्येक ठिकाणी थांबून एकच प्रश्न विचारायचा, इथे ही शेपटी खरी दिशा दाखवतेय का? “पुल आउट द प्लग” मध्ये प्लग खरोखर बाहेर येतो, ‘आउट’ म्हणजे बाहेरच. ते राहू द्या. “कॅरी आउट द टेस्ट” मध्ये काहीही बाहेर जात नाही. ते बदला. तुमच्या एका पानात मला अशा 14 जागा सापडल्या. त्यातल्या चार ठीक आहेत.

पहिली ओळ: “टॉप अप द ऑइल.” इथे शब्द बदलून ‘अ‍ॅड ऑइल’ केलं की काम झालं असं वाटेल. पण ‘टॉप अप’मध्ये ‘कमी झालंय तेवढंच भरा’ हा अर्थ लपलेला आहे, आणि ‘अ‍ॅड ऑइल’मध्ये तो निघून जातो. मग मुलगा किती ओतेल? त्यामुळे वाक्य असं व्हायला हवं: “स्टॉप द कॉम्प्रेसर. चेक द ऑइल लेव्हल. इफ द लेव्हल इज बिलो द मिनिमम मार्क, अ‍ॅड ऑइल. डू नॉट अ‍ॅड ऑइल अबाव्ह द मॅक्झिमम मार्क.” एकाची चार वाक्यं झाली. होऊ द्या. पान लांबलं म्हणून कुणी अडत नाही, वाक्य लांबलं की अडतं. ‘कॉम्प्रेसर थांबवा’ मूळ ओळीत नव्हतं. ते मी तुमच्या मॅन्युअलमधून उचललंय. तेल भरायचं ते मशीन बंद करून, हे लिहिणाऱ्याला इतकं उघड होतं की त्यानं लिहिलंच नाही.

तिसरी ओळ, बेल्टच्या तिथली: “बॅक ऑफ द स्क्रू हाफ अ टर्न.” हा जोडशब्द धोक्याचा आहे, कारण ‘बॅक’ आणि ‘ऑफ’ दोन्ही मुलांना ठाऊक आहेत आणि दोन्हींचा मिळून ‘मागे हो’ असा अर्थ लागू शकतो. माणसाला उद्देशून ‘बॅक ऑफ’ म्हटलं तर इंग्रजीतही ‘मागे सर’ असाच अर्थ होतो. इथे हवंय स्क्रू सैल करणं. शॉप फ्लोअरवर ‘लूज कर’, ‘टाइट कर’ दिवसभर चालतं, तेव्हा ‘लूजन द स्क्रू’ लिहा, आणि पुढे ‘हाफ अ टर्न, अँटी-क्लॉकवाइज’ घाला. दिशा सांगितली की शब्द चुकला तरी हात चुकत नाही.

पाचवी ओळ: “द मोटर कट्स इन अ‍ॅट 6 बार अँड कट्स आउट अ‍ॅट 8 बार.” इथे थोडं थांबावं लागेल. कॉम्प्रेसरच्या कामात कट-इन आणि कट-आउट हे ठरलेले शब्द आहेत. प्रेशर अमुक एवढं खाली आलं की स्विच मोटर सुरू करतो ते कट-इन, आणि वर गेलं की बंद करतो ते कट-आउट. तुमच्या मुलांना हे शब्द उद्या दुसऱ्या मशीनच्या प्लेटवर, स्पेअर पार्टच्या डब्यावर, सर्व्हिस इंजिनिअरच्या तोंडी भेटणारच. असे शब्द पुसून टाकले तर आपण त्यांचं नुकसान करतो. म्हणून क्रियापद साधं करा आणि नाव म्हणून शब्द ठेवा: “द मोटर स्टार्ट्स अ‍ॅट 6 बार. धिस इज द कट-इन प्रेशर. द मोटर स्टॉप्स अ‍ॅट 8 बार. धिस इज द कट-आउट प्रेशर.” एकदा समजावलं की पुढे पानभर कट-इन, कट-आउट बेधडक वापरा.

पॅनेलच्या पडद्यावरचे शब्दही असेच. तिथे `SHUTDOWN` असं दिसत असेल तर पानावर तुम्ही ‘स्टॉप’ लिहून चालणार नाही. मुलगा पडद्यावर ‘स्टॉप’ शोधत बसेल. पडद्यावर जे आहे ते अक्षर न बदलता तसंच छापा आणि शेजारी अर्थ द्या. ‘ब्रेकडाउन’चीही एक नोंद करून ठेवा. तुमच्याकडे ब्रेकडाउन म्हणजे मशीन बंद पडणं, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना माहीत, तो शब्द बदलायचा नाही. पण तुमच्या पानाच्या खालच्या चौकटीत “कॉस्ट ब्रेकडाउन” आलंय, ते खर्चाची फोड या अर्थानं. तिथे ‘कॉस्ट ऑफ ईच पार्ट’ करा.

आठवी ओळ आता: “शट द मेन एअर व्हॉल्व्ह नेक्स्ट टू द रिसीव्हर टँक ऑफ.” इथे क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला आणि त्याची शेपटी नऊ शब्दांपलीकडे, अगदी शेवटी. वाचणारा ‘टँक’पर्यंत पोचतो तोवर ‘शट’ विसरलेला असतो, आणि शेवटी ‘टँक ऑफ’ एवढंच वाचतो. टँक कसा बंद करायचा? इंग्रजीत शेपटी अशी लांब सरकवता येते आणि घरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आपल्या भाषांत क्रियापद शेवटी असतं, पण ते अख्खं असतं, त्याचा अर्धा भाग पुढे आणि अर्धा मागे असा नसतो. “क्लोज द मेन एअर व्हॉल्व्ह. द व्हॉल्व्ह इज नेक्स्ट टू द रिसीव्हर टँक.” एवढं पुरे. व्हॉल्व्हला सगळीकडे क्लोज आणि ओपन, मोटरला सगळीकडे स्टार्ट आणि स्टॉप, हे ठरवून घ्या आणि पानभर पाळा. शट, शट ऑफ, शट डाउन, टर्न ऑफ, स्विच ऑफ असं आलटून पालटून लिहिलं तर मुलांना वाटेल पाच वेगळ्या कृती आहेत. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुरुजी लाल रेघ मारत, ती सवय इथे सोडायची.

एखादा जोडशब्द ठेवावाच लागला, समजा ‘स्विच ऑफ’, कारण तो मुलांच्या तोंडात पक्का आहे, तर दोन्ही तुकडे चिकटून ठेवा. “स्विच ऑफ द फॅन”. मध्ये काही घालू नका.

सुरक्षेच्या चौकटीतली ओळ वाचून मी जरा घाबरले. “इफ अ पर्सन पासेस आउट निअर द मशीन…” आपल्याकडे पास आउट म्हणजे काय? “मी 2021 ला आयटीआय पास आउट झालो.” तुमच्या प्रत्येक मुलानं नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य म्हटलेलं असणार. इंग्रजांच्या इंग्रजीत त्याचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणं. ही ओळ कुणी बेशुद्ध असताना वाचली जाणार आहे. “इफ अ पर्सन इज अनकॉन्शस” करा, आणि शेजारी पडलेल्या माणसाचं छोटं चित्र काढा. ‘अनकॉन्शस’ सगळ्यांना येईलच असं नाही, पण चुकीचा अर्थ तरी लागणार नाही. न कळलेला शब्द माणूस विचारतो. चुकीचा कळलेला शब्द तो विचारत नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला कळलंय. ‘गोज ऑफ’ला तेच झालं.

अशा शब्दांचा दुसरा टोकाचा अनुभव मी घेतलाय. पूर्वी एका कारखान्यासाठी पत्रव्यवहार लिहायची, तेव्हा परदेशी पुरवठादाराला ड्रॉइंग पाठवून शेवटी लिहिलं, “प्लीज रिव्हर्ट.” आपल्या ऑफिसांत याचा अर्थ ‘उत्तर द्या’. इंग्रजीत मात्र रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. त्यांनी ड्रॉइंगची जुनी आवृत्ती काढून त्याप्रमाणे काम सुरू केलं, आणि आम्हाला ते माल आल्यावर कळलं. तो शब्द मी इतक्या वेळा लिहिला होता की त्यात काही वाकडं आहे हे मला दिसणंच शक्य नव्हतं. म्हणून म्हणते, स्वतःचं पान स्वतः तपासण्यावर विसंबू नका.

उरल्या म्हणी आणि वाक्प्रचार. तुमच्या पानात दोनच आहेत, पण त्यांच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. “कीप अ‍ॅन आय ऑन द प्रेशर गेज.” आणि “डू नॉट कट कॉर्नर्स व्हेन यू फिट द गॅस्केट.” दुसऱ्या वाक्याचा शब्दशः अर्थ होतो, गॅस्केट बसवताना कोपरे कापू नका. गॅस्केटच्या बाबतीत हा अर्थ इतका पटण्यासारखा आहे की कुणाला संशयच येणार नाही. मुलगा गॅस्केटचे कोपरे सांभाळेल आणि निर्धास्त होईल. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, घाईत कुठली पायरी गाळू नका.

पण इथे मी तुम्हाला ‘डू नॉट स्किप स्टेप्स’ असं लिहायला सांगणार नाही. विचारा की कुठली पायरी? तुमच्या मेंटेनन्सच्या जुन्या माणसांना विचारा की मुलं गॅस्केट बसवताना नेमकं काय गाळतात. माझा अंदाज, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडून पृष्ठभाग साफ करत नाहीत, किंवा बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं न आवळता एका बाजूनं आवळत जातात. ते खरं असेल तर तेच लिहा: “क्लीन द सरफेस. रिमूव्ह ऑल पीसेस ऑफ द ओल्ड गॅस्केट. टाइटन द बोल्ट्स इन द ऑर्डर 1, 2, 3, 4,” आणि आकड्यांचं चित्र. वाक्प्रचार बहुतेक वेळा अशाच जागी येतो, जिथे लिहिणाऱ्याला नेमकं काय सांगायचं ते ठरवायचं राहून गेलंय. गेजवर डोळा ठेवा म्हणजे कोणी, किती वेळानं, आणि काय दिसलं तर काय करायचं? ही माहिती मूळ पानात नाही. ती तुम्हाला ज्याच्या सहीनं पान निघतं त्या इंजिनिअरकडून आणावी लागेल. ते दोन तासांनी म्हणाले तर लिहा: “रीड द प्रेशर गेज एव्हरी 2 अवर्स. राइट द रीडिंग इन द लॉग बुक. इफ द रीडिंग इज मोअर दॅन 8 बार, स्टॉप द कॉम्प्रेसर अँड कॉल मेंटेनन्स.” तास आणि बार मी उदाहरणासाठी घातलेत, त्यांच्याकडून पक्के करून घ्या. स्वतःच्या मनानं आकडा घालू नका.

पान झालं की ते भिंतीवर लावण्याआधी तीन मुलांकडे न्या. एक मराठी, एक बिहारचा, एक ओडिशाचा असेल तर उत्तम. “समजलं का?” हा प्रश्न अजिबात विचारू नका. साहेबांनी विचारलं की मान हलतेच. मशीन बंद असताना मुलाला समोर उभं करा, पान त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “समज, आता अलार्म वाजला. पानात बघ आणि काय करशील ते करून दाखव.” त्याचा हात कुठे जातो ते बघा. हात जिथे घुटमळला, ती ओळ खूण करून ठेवा. तिथे काय वाटलं ते त्याला त्याच्या भाषेत सांगू द्या, मध्ये बोलून त्याला अर्थ पुरवू नका. ज्या शब्दावर दोघं अडखळले तो शब्द बदला, आणि त्यांनी बोलताना जो इंग्रजी शब्द आपणहून वापरला तो घाला. ‘लेट आउट द एअर’च्या जागी मी ‘रिलीज द एअर’ सुचवते, पण तुमची मुलं सर्रास ‘एअर सोड, ड्रेन कर’ म्हणत असतील तर ‘ड्रेन’ माझ्या शब्दापेक्षा चांगला. फक्त ड्रेन म्हणजे पाणी काढणं की हवा सोडणं हे आधी त्यांच्याकडूनच पक्कं करून घ्या, कारण रिसीव्हर टँकच्या तळाला जमलेलं पाणी काढायचा जो कॉक असतो, त्यालाही ड्रेनच म्हणतात.

आणि सातव्या ओळीची दुरुस्ती भिंतीवर आजच लावा, बाकीचं पान होईपर्यंत थांबू नका: “व्हेन द अलार्म साउंड्स, कॉल मेंटेनन्स इमिजिएटली. डू नॉट वेट फॉर द अलार्म टु स्टॉप.” दुसरं वाक्य त्या मुलासाठी मुद्दाम घातलंय. पानावर ते वाक्य त्याच्यामुळे आलं, हे त्याला जरूर सांगा.